केस गळताहेत म्हणून बायोटिन किंवा कोलाजेन सुरू करताय? त्याआधी या गोष्टी करा

जुलैच्या शेवटी मला डेंगी झाला. फोंड्याच्या आमच्या वाड्यावर त्या पावसाळ्यात घरटी एक तापाचा रुग्ण होता. चवथीपर्यंत मी बरी झाले, माटोळी बांधायला उभीही राहिले. दिवाळीच्या सुमारास मात्र केस गळायला लागले. न्हाताना ओंजळभर केस हाताला यायचे, उशीवर केस, पोळपाटावर केस. पार्लरमधल्या ताईंनी बायोटिन सुचवलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने कोलाजेनची पावडर सुचवली आणि मी दोन्ही घेतलं. पुढच्या तीन महिन्यांत मी नसलेल्या थायरॉइडच्या आजारावर औषध सुरू करण्याच्या बेतात होते. ते कसं झालं आणि तुम्ही ते कसं टाळाल, हे क्रमाने लिहिते.

आधी हे जवळ ठेवा

- गेल्या सहा महिन्यांत झालेले ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेलं वजन यांच्या तारखा. कॅलेंडरवर खुणा करा.
- चालू असलेल्या प्रत्येक गोळीचा, गमीचा, पावडरीचा डबा किंवा त्याच्या मागच्या बाजूचा फोटो. ‘केसांची साधी व्हिटॅमिनं’ असं सांगून भागत नाही.
- जुने रक्ताचे रिपोर्ट, असतील तर. हिमोग्लोबिनचा एखादा दोन वर्षांपूर्वीचा आकडाही उपयोगी पडतो.
- सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर आधार कार्ड आणि जुने केसपेपर. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बांबोळीला त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर पोचा.

१. केस गळायला लागले त्या दिवसापासून तीन महिने मागे मोजा

डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट झालं की शरीर एकाच वेळी पुष्कळ केसांना विश्रांतीत ढकलतं. हे केस लगेच गळत नाहीत, दोन ते तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणूनच ताप आणि केस यांचा संबंध आपल्या लक्षात येत नाही. माझा ताप जुलैअखेरचा आणि केस ऑक्टोबरअखेर गळायला लागले. मधले तीन महिने मी तापाला विसरूनही गेले होते, आणि दोष दिला तो नव्या भाड्याच्या घरातल्या विहिरीच्या पाण्याला.

ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. बाळंतपणानंतरची गळती साधारण चौथ्या महिन्यात सगळ्यांत जास्त असते आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत केस बहुधा पूर्ववत होतात. आता यात सापळा कुठे आहे ते पाहा. माणूस गोळी सुरू करतो तो गळती अगदी कळसाला असताना. गोळीच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ‘तीन महिने नियमित घ्या’. त्या तीन महिन्यांत गळती तशीही थांबणारच असते, आणि श्रेय डब्याला जातं. पुढच्या बाईला तो डबा सुचवणारी मैत्रीण खोटं बोलत नसते. तिचे केस खरोखरच थांबलेले असतात.

२. गळलेला केस उजेडात धरून पाहा

पांढऱ्या कपड्यावर आठ-दहा केस ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर केस मुळापासून सुटलाय. गाठ नसेल आणि केस आखूड असतील तर ते मधेच तुटताहेत. त्याचं कारण स्ट्रेटनिंग, रंग, ओल्या केसांवर घट्ट वेणी यांत शोधा, पोटात काहीही घेऊन तो तुटायचा थांबत नाही.

दिवसाला शंभरेक केस गळणं सर्वसाधारण मानतात. गळती फारशी नाही, पण भांग रुंद होत चाललाय आणि टाळू दिसायला लागलाय, तर तो वेगळाच प्रकार आहे. त्यावर मिनॉक्सिडिलसारखी औषधं असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. अशा वेळी वर्षभर गमी खात बसलात तर पैशांपेक्षा वर्ष वाया गेल्याचं नुकसान मोठं. एकाच ठिकाणी गोल चट्टा पडला असेल, टाळू लाल असेल किंवा पू येत असेल, तर इथेच वाचन थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

३. विकत घेण्याआधी रक्त तपासा, पण योग्य वेळी

केस गळणाऱ्या बाईसाठी बहुतेक डॉक्टर सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच लिहून देतात. गरजेप्रमाणे व्हिटॅमिन डी आणि बी-१२ पण. यांतलं फेरिटिन सगळ्यांत दुर्लक्षित आहे. ते शरीरातला लोहाचा साठा सांगतं. हिमोग्लोबिन १२ असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो, विशेषतः पाळीत जास्त रक्त जात असेल तर. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी आहे असं धरतात. केसांचे काही डॉक्टर त्याहून वरचा आकडा धरतात, त्यावर त्यांच्यात एकमत नाही.

वेळेचं भान मात्र ठेवा. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, आणि डेंगीत तर ते फारच वर जातं. ताप उतरल्यावर पंधरा दिवसांत तपासलंत तर लोह भरपूर आहे असं वाटेल. दीड-दोन महिने जाऊ द्या.

आणि स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. लोह नको तितकं झालं तर शरीराला ते सहज बाहेर टाकता येत नाही.

४. बायोटिन चालू असेल तर रक्त द्यायच्या आधी ते बंद करा

हाच भाग मला सगळ्यांत आधी कळायला हवा होता.

बायोटिन म्हणजे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला दिवसाला ३० ते ४० मायक्रोग्रॅम लागतं. एका शिजवलेल्या अंड्यात सुमारे १० मायक्रोग्रॅम मिळतं, शेंगदाण्यांतही असतं, त्यामुळे नेहमीचं जेवण जेवणाऱ्याला ते कमी पडणं दुर्मीळ आहे. कमतरता होते ती जन्मजात दोषामुळे, फिटवरच्या काही औषधांमुळे, फार दारूमुळे, किंवा रोज कच्ची अंडी खाल्ल्यामुळे. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिनला धरून ठेवतं. केसांसाठी दुधात कच्चं अंडं घालून पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, अंडं शिजवलं की ती अडचण उरत नाही. कमतरता असेल तर बायोटिनने केस आणि नखं सुधारतात, हे खरं आहे. कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्याने वाढतात याला मात्र नीट पुरावा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बायोटिनने फायदा झालेले १८ रुग्ण सापडले, आणि त्या सगळ्यांना केसांचा किंवा नखांचा काहीतरी मूळ विकार होता.

माझ्या गोळीत १० मिलिग्रॅम होतं. म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या अडीचशे पट. जास्तीचं बायोटिन लघवीवाटे निघून जातं, त्याने विषबाधा होत नाही. म्हणूनच सगळे म्हणतात, ‘झाला तर फायदा, तोटा काही नाही.’ पण तोटा होतो, तो रक्ताच्या रिपोर्टात.

बऱ्याच लॅबच्या यंत्रांत हार्मोन मोजायला बायोटिन हाच डिंकासारखा वापरतात. रक्तातला मोजायचा पदार्थ या डिंकाने यंत्रातल्या बारीक कणांना चिकटवून पकडायचा आणि मोजायचा, अशी रीत. तुमच्या रक्तातच गोळीचं बायोटिन तरंगत असेल तर ते आधी जाऊन कणांवरच्या जागा अडवतं आणि आकडा चुकतो. गंमत नाही, धोका असा की सगळे आकडे एकाच दिशेने चुकत नाहीत. टीएसएच खोटं कमी दिसतं, तर फ्री टी-३ आणि फ्री टी-४ हे थायरॉइडचे हार्मोन खोटे जास्त दिसतात. टीएसएच कमी आणि टी-४ जास्त, हे तर हायपरथायरॉइडचं, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असल्याचं, अगदी पुस्तकी चित्र.

माझा फेब्रुवारीचा रिपोर्ट असा होता: टीएसएच ०.०६, जे ०.४ ते ४ च्या दरम्यान हवं. फ्री टी-४ २.९, जे १.८ च्या आत हवं. फेरिटिन ११. रिपोर्ट पाहून एका ठिकाणी मला थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी घेऊन मी घरी आले, पण गोळी घ्यायच्या आधी आईच्या आग्रहाखातर आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि नाडी पाहिली. ७४. हात पुढे करायला लावले, कंप नाही. वजन विचारलं, दोन किलो वाढलेलं. घाम, जुलाब, झोप उडणं, काहीच नाही.

“बाय, केसांसाठी कसल्या गोळ्या घेतेस?” त्यांनी विचारलं.

मी पर्समधून डबा काढून दिला. त्यांनी मागचं लेबल वाचलं आणि म्हणाले, “हे आठ दिवस बंद कर आणि सगळं पुन्हा तपास. तोवर ती दुसरी गोळी घेऊ नकोस.”

आठ दिवसांनी टीएसएच २.१ आणि फ्री टी-४ १.२ आलं. दोन्ही व्यवस्थित. फेरिटिन १७ आलं. ते पुन्हा तपासायलाही कारण होतं, कारण काही यंत्रांत बायोटिनने फेरिटिनही खोटं कमी दिसू शकतं. थोडं वर आलं तरी ते खरोखर कमीच होतं. म्हणजे जो आजार रिपोर्टात दिसला तो मला नव्हता, आणि जी कमतरता होती ती बायोटिनने कधीच भरली नसती.

तुम्ही काय करायचं ते सांगते.

थायरॉइडच्या तपासणीआधी बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवा. गोळी ५ किंवा १० मिलिग्रॅमची असेल तर आठवडाभर बंद ठेवणं मला जास्त सुरक्षित वाटतं. त्याने केसांचं काही बिघडत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बायोटिन जास्त दिवस अंगात राहतं, तेव्हा किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. रक्त देताना लॅबमध्ये ‘मी बायोटिन घेते’ असं सांगा आणि फॉर्मवर लिहून घ्या. सगळ्याच यंत्रांना हा त्रास नसतो. त्यांची पद्धत बायोटिनवर चालते का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. व्हिटॅमिन डी आणि बी-१२ काही पद्धतींत खोटे जास्त येऊ शकतात, मग खरी कमतरता झाकली जाते. आणि रिपोर्ट व शरीर यांचा मेळ बसत नसेल, टी-४ वाढलेलं पण नाडी शांत आणि वजन वाढतंय, तर औषधाच्या आधी पुन्हा तपासणी मागा.

एक गोष्ट याहून गंभीर आहे. छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत नेलं तर हार्ट ॲटॅक ओळखायला ट्रोपोनिन मोजतात, आणि तेही बायोटिनमुळे खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे ट्रोपोनिन चुकीचं कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्यात आहे. घरात वडीलधारं कोणी बायोटिन घेत असेल तर ते सोबत जाणाऱ्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे.

५. ‘हेअर, स्किन, नेल्स’च्या डब्याची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला लिहिलेलं सोडून द्या. मागे तीन गोष्टी शोधा.

पहिली, बायोटिन किती. एकक नीट पाहा, एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, एमजी म्हणजे त्याच्या हजारपट. दुसरी, सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए. ही दोन्ही जास्त झाली तर केस *गळतात*. २००८ साली अमेरिकेत एका द्रव सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलवरच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि केस गळणं हे त्यांच्यातलं ठळक लक्षण होतं. मल्टिव्हिटॅमिन, गमी आणि पावडर असे तीन डबे एकत्र चालू असतील तर तिन्हींतले आकडे कागदावर मांडून बेरीज करा. गरोदर असाल किंवा तसा बेत असेल तर व्हिटॅमिन ए असलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, जास्त मात्रेने गर्भाला अपाय होतो. तिसरी, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक. तो foscos.fssai.gov.in वर टाकून पाहता येतो. परवाना आहे म्हणजे केस वाढतील असं सिद्ध झालंय, असा अर्थ मात्र काढू नका. ही उत्पादनं कायद्याने खाद्यपदार्थांत मोडतात, औषधांत नाही.

६. कोलाजेन: कुठे थोडा आधार आहे आणि कुठे अजिबात नाही

कोलाजेन हे कातडी, हाडं आणि सांधे बांधून ठेवणारं प्रथिन. पावडरीत ते तोडून बारीक केलेलं असतं, म्हणून लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड’ किंवा ‘पेप्टाइड्स’ लिहितात. पोटात ते आणखी तुटतं. काही छोटे तुकडे रक्तात पोचतात हे मोजलं गेलंय. पण ते थेट गालावर जाऊन बसतात, असं जाहिरातीत दाखवतात तसं काही घडत नाही.

केसांसाठी कोलाजेनला पुरावा नाही म्हटलं तरी चालेल. त्वचेसाठी थोडा आहे, आणि तो वादात आहे. रोज अडीच ते दहा ग्रॅम, दोन-तीन महिने, अशा चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा यंत्रावर थोडा वाढलेला दिसला. पण २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत ओलावा, लवचिकपणा, सुरकुत्या यांपैकी कशातच फरक दिसला नाही. फायदा दिसला तो कंपन्यांनी पैसा दिलेल्या चाचण्यांत. हे वाचल्यावर मी पावडर पुन्हा मागवली नाही.

आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न असा, की रोज शीत-हुमण खाणाऱ्याला माशाचं कोलाजेन वेगळं कशाला? प्रथिन म्हणून पाहिलं तर बांगडा पावडरीपेक्षा सरस आहे. कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे ते एकटं पूर्ण प्रथिन नाही. जेवणाऐवजी कोलाजेनचा शेक पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांना मी कळकळीने सांगते, असं करू नका. कमी जेवल्यानेच तीन महिन्यांनी केस गळतात.

शिवराक घरांसाठी: कोलाजेन फक्त प्राण्यांतच असतं, मासे, गाई-बैल, डुक्कर यांच्या कातडीत नि हाडांत. डब्यावर तपकिरी खूण आहे का पाहा. ‘प्लांट कोलाजेन’ नावाच्या डब्यात कोलाजेन नसतं. तिथे व्हिटॅमिन सी, बांबूचा अर्क, अमिनो आम्लं असं काहीतरी असतं. आणि मासे किंवा कोळंबी यांची ॲलर्जी असेल तर ‘मरीन’ शब्द दिसताच डबा खाली ठेवा.

सुरकुत्यांसाठी पैसे घालवायचेच असतील तर सनस्क्रीनवर घाला. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर इथे ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत त्या काळात वय वाढल्याची मोजण्याजोगी भर पडली नाही. पणजीत दुपारी स्कूटर चालवणाऱ्या बाईला हे कुठल्याही पावडरीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

७. तरीही करून पाहायचं असेल तर असं करा

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. सुरू करायच्या दिवशी त्याच खिडकीत, त्याच वेळी, तेल न लावता भांगाचा आणि चेहऱ्याचा फोटो काढा. दर चार आठवड्यांनी पुन्हा काढा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘फरक पडला’ असं वाटलं तर ते केसांमुळे नसतं. गमीत कोलाजेन अनेकदा एक ग्रॅमही नसतं, चाचण्यांतली मात्रा ग्रॅममध्ये आहे, तेव्हा मागचा आकडा पाहूनच ठरवा. बारा आठवड्यांनी फोटोंत काही दिसलं नाही तर थांबवा, दुसरा ब्रँड शोधू नका.

माझ्यापुरतं सांगायचं तर डॉक्टरांनी पाळीचा रक्तस्राव तपासायला लावला आणि लोहाची गोळी एक दिवसाआड दिली. रोजच्यापेक्षा असं घेतल्याने ती जास्त चांगली अंगी लागते, असं त्यांनी सांगितलं. गोळीसोबत चहा नाही, कारण चहा लोह अडवतो. दोन तास तरी अंतर. आठवड्यातून एकदा तिसऱ्या करते, त्यांत लोह चांगलं असतं. जूनमध्ये फेरिटिन ४२ आलं. कपाळाजवळ बोटभर लांबीचे नवे केस उभे दिसतात. ते लोहामुळे आले की डेंगीला अकरा महिने झाल्यामुळे, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही, आणि डॉक्टरांनीही तसा दावा केला नाही. पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये आहे.